इतिवृत्तातून हळू बोलणाऱ्याचं म्हणणं गळतंय? माझा अनुभव

लातूरजवळच्या सोयाबीन गोदामात मी नवीन; बैठकीचं इतिवृत्त माझ्याकडं. पाठवल्यावर रात्री आठवलं, काट्यावरचे मामा पुटपुटले होते, "मागच्या थप्पीत ओलावा चौदा दाखवतोय." हमीभावाच्या खरेदीला मर्यादा १२ टक्के, आणि माझ्या कागदावर ते वाक्यच नाही!

असं आधीही गळायचं. भराभर लिहून पाहिलं. रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर तेवढी आली. वैताग नुसता.

जमलं ते असं. आधी हजेरीतली सगळी नावं वहीत उतरवली, मग प्रत्येकापुढं त्याचं एक वाक्य. मामांपुढची जागा कोरी. सकाळी त्यांनाच विचारलं, त्यांच्याच शब्दांत लिहिलं, वाचून दाखवलं. मग साहेबांना सुधारित प्रत, बदल सगळ्यात वर. दुपारी थप्पी उतरवली. खालची पोती हाताला कोमट लागली.