घर दोन महिने बंद राहणार, सेलचं काय करायचं?

मे-जूनमध्ये नागपुरातलं घर बंद करून निघणार असाल तर गॅस, नळ, दूध, पेपर हे तुम्हाला सांगायला नको. ही यादी फक्त सेलची आहे. तिच्यात सगळ्यात वर बिनतारी बेलचा आतला डबा. दाराबाहेरचं बटण नव्हे, हॉलच्या भिंतीवर जो डबा वाजतो तो. त्यातले सेल काढा. गेल्या उन्हाळ्यात यादीतून सुटला होता तो हाच. त्याला बंद करायचं बटणच नसतं, त्यामुळे तो ‘चालू’ आहे हे डोक्यातच येत नाही.

पण बेल कुणी वाजवणारच नाही, मग सेल उतरेल कसा? दोन वाटांनी. पहिली वाट यंत्राची: ते गप्प दिसलं तरी आतून थोडा करंट खेचत राहतं, हा स्टँडबाय करंट. दुसरी सेलची स्वतःची: यंत्राबाहेर टेबलावर ठेवला तरी आतली रासायनिक क्रिया हळूहळू चालू राहते आणि तो आपोआप उतरतो. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवा, म्हणजे काय काढायचं आणि काय राहू द्यायचं ते कळतं.

बेलचाच हिशेब घ्या. बाहेरचं बटण दाबल्यावरच जागं होतं, त्याचा खर्च नगण्य. आतल्या डब्याला मात्र बटणाचा सिग्नल कधी येईल ते माहीत नसतं, म्हणून त्याचा रिसीव्हर रात्रंदिवस कान देऊन बसलेला असतो. समजा मोजल्यावर तो ०.२ मिलिअँपिअर खेचताना दिसला. ६० दिवस म्हणजे १४४० तास, म्हणजे २८८ मिलिअँपिअर-तास गेले. साधा झिंक-कार्बनचा मोठा पेन्सिल सेल ७०० च्या आसपास देतो. डब्यात दोन सेल आहेत म्हणून १४०० धरू नका. ते एकामागे एक जोडलेले असतात. व्होल्टेज दुप्पट होतं, क्षमता तेवढीच राहते. नवे सेल असतील तर परत येईपर्यंत तग धरतील. अर्धे वापरलेले असतील तर रिकामे होण्याच्या काठावर येतील, आणि खरं नुकसान तिथून पुढे सुरू होतं.

सेल संपला तर नवा येतो, डबा येत नाही. दोन सेलपैकी एक आधी संपतो, आणि उरलेला त्याच्यातून करंट रेटतच राहतो. आत वायू तयार होतो, दाब वाढतो, सेल पाझरतो. झिंक-कार्बन सेलचं तर जस्ताचं भांडं हाच त्याचा एक ध्रुव; सेल वापरला जाईल तसं तेच झिजून भोक पडतं. स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर दिसला की समजा. अल्कलाइन सेल पाझरला असेल तर कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा. झिंक-कार्बनचं पाणी आम्लधर्मी असतं. तिथे व्हिनेगर नको, खायच्या सोड्याची पातळ पेस्ट लावा. नंतर ओल्या बोळ्याने पुसून पूर्ण वाळवा. हा उपद्व्याप नको असेल तर आधीच सेल काढा ना!

मग सगळ्याच वस्तूंचे काढायचे का? हो, कंटाळा नसेल तर सगळेच. कंटाळा असेल तर खटका पाहा. सरकवायचा किंवा टक्क आवाज करणारा खटका वायरच तोडतो, तिथे स्टँडबाय नाही. मऊ बटणाच्या वस्तू, म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, बीपीचं मशीन, मऊ बटणाचा टॉर्च, यांत बटण दाबलेलं ओळखायला चिप जागी असते. तिथून सेल काढा. बीपीच्या मशीनचं घड्याळ पुन्हा लावावं लागेल, लावा. टीव्हीचा रिमोट साधारणपणे मायक्रोअँपिअरमध्येच खेचतो, त्याची भीती नाही. पण त्यावर उशी ठेवून बटण दाबलेलं राहिलं तर तो सतत सिग्नल मारत बसतो. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा बटण सेल काढू नका, तो दोन महिन्यांत काही संपत नाही.

शंका असेल तिथे मोजा. स्वस्तातला डिजिटल मल्टिमीटर पुरतो. पुठ्ठ्याच्या पातळ पट्टीच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम फॉइल चिकटवा, दोन फॉइल एकमेकांना लागू देऊ नका. ही पट्टी सेल आणि स्प्रिंग यांच्यामध्ये सरकवा आणि मीटरची एकेक तार एकेका फॉइलला लावा. दोन फॉइलना जोडणारी क्लिपची एक जादा वायरही लावा. यंत्र सुरू करून बंद करा, पडदा विझला की मिनिटभर थांबा, मीटर २००० मायक्रोअँपिअरवर ठेवा आणि मगच ती वायर काढा. वायर न लावता थेट मायक्रोवर मोजलं तर सुरू होताना लागणारा जास्तीचा करंट मीटरमधून नीट जात नाही, यंत्र अर्धवट उठून बसतं आणि आकडा भलताच येतो. मीटर करंटवर असताना त्याच्या तारा सरळ सेलच्या दोन टोकांना लावू नका, फ्यूज उडेल. आलेल्या मायक्रोअँपिअरला १.४४ ने गुणा, दोन महिन्यांचा खर्च मिलिअँपिअर-तासात मिळतो. बेलचा डबाही मोजा. मोजायचा नसेल तर निदान सेल काढा.

आता सेल स्वतः उतरतो तो हिशेब. चांगला अल्कलाइन सेल साध्या तापमानाला वर्षाला दोन-तीन टक्केच गमावतो. साधा रिचार्जेबल निकेल सेल मात्र महिन्याला वीस टक्क्यांच्या घरात जातो. कमी उतरणारी जात वेगळी येते, पाकिटावर ‘चार्ज करून दिलेला’ असं असतं. हे आकडे विशीतल्या तापमानाचे. ढोबळ नियम असा, की दर दहा अंशांना वेग साधारण दुप्पट होतो. नवतप्यात स्लॅबखालची बंद खोली चाळिशीच्या पुढे गेली की साधा रिचार्जेबल सेल तुम्ही परत येईपर्यंत जवळजवळ रिकामा. म्हणून काढलेले सेल तळमजल्यावर, आतल्या खोलीत, लाकडी कपाटात ठेवा. फ्रीजमध्ये नको, बाहेर काढल्यावर दव धरतं. सुटे सेल नाण्यांबरोबर एका डबीत टाकू नका; जोड्या तशाच ठेवून कागदी टेप गुंडाळा.

दोष यंत्राचा की सेलचा, हे ठरवायचं असेल तर एकाच पाकिटातला एक सेल बाहेर ठेवा, बाकीचे यंत्रात. महिन्याने व्होल्टेज बघा. बाहेरचा १.५ च्या वर आणि आतला १.३ च्या खाली, तर यंत्र खातंय. दोन्ही उतरले असतील तर सेलच जुना.

मागे ठेवायचा फोन किंवा लॅपटॉप अर्धा चार्ज करून पूर्ण बंद करा. भरलेली लिथियम बॅटरी उन्हाळ्यात कायमची क्षमता गमावते. इन्व्हर्टर: मेन स्विच पाडणार असाल आणि इन्व्हर्टर चालूच राहिला, तर पंखा न लावताही तो बॅटरीतून एक अँपिअरच्या आसपास खेचू शकतो, १५० ची बॅटरी आठवड्यात झोपेल. डिस्टिल्ड पाणी, पूर्ण चार्ज, इन्व्हर्टर बंद, निगेटिव्ह वायर सोडा. स्कूटरचीही निगेटिव्हच. भिंतीवरचं घड्याळ चालू द्या. बेलचा डबा झाला ना? कुलूप लावण्याआधी बाहेरचं बटण दाबून पाहा, आतून आवाज आला तर परत आत जा.