आल्याचा चहा फाटतोय? दुधाला दोष देण्याआधी या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात घरी पाहुणे आले होते, चहा टाकला, आणि उकळी यायच्या आतच पातेल्यात बारीक बारीक कण दिसायला लागले, म्हणजे फाटलाच. सासूबाई म्हणाल्या दूध नासलं असेल, पण त्याच पिशवीतलं उरलेलं दूध दुसऱ्या भांड्यात उकळलं तर ते व्यवस्थित तापलं, छान साय पण धरली. मग दुसऱ्यांदा चहा टाकला, तेच दूध, तेच आलं, फक्त क्रम बदलला आणि चहा एकदम नीट झाला. तेव्हापासून मी घरात सगळ्यांना सांगते की चहा फाटला तर आधी हे बघा, आलं कधी टाकलं होतं.

आलं दुधात नाही, पाण्यात

कच्च्या आल्याच्या रसात झिंजिबेन नावाचं एक एन्झाइम असतं, ते दुधातलं प्रोटीन तोडतं आणि मग दूध घट्ट व्हायला लागतं, साधारण दही लागल्यासारखं. चीनमधे ग्वांगडाँग भागात तर मुद्दाम गरम दूध आल्याच्या रसावर ओतून त्याचं गोड दही करतात, म्हणजे तिकडे जो पदार्थ आहे तो आपल्याकडे चहाचं नुकसान. या एन्झाइमला साधारण ६० ते ७० डिग्रीची उष्णता सगळ्यात मानवते आणि उकळत्या पाण्यात ते थोड्याच वेळात निकामी होतं.

आता विचार करा आपण काय करतो. पाणी, दूध, साखर, पावडर सगळं एकदम चढवतो, वरून आलं किसून टाकतो आणि गॅस बारीक करून दुसऱ्या कामाला जातो. म्हणजे दूध हळूहळू तापत त्या ६०-७० मधूनच जातं आणि आल्याला काम करायला भरपूर वेळ मिळतो. म्हणूनच कधी फाटतो कधी नाही असं होतं, कारण मोठ्या गॅसवर पटकन उकळी आली किंवा दूध खळखळ उकळत असताना आलं पडलं तर बऱ्याचदा निभावून जातं, आणि लोकांना वाटतं की क्रमाचा काही संबंधच नाही.

उपाय सोपा आहे, आलं ठेचून गार पाण्यातच टाका आणि उकळी आल्यावर निदान तीन मिनिटं उकळू द्या, नंतरच दूध. मी किसत नाही, खलबत्त्यात ठेचते, कारण किसल्यावर बारीक तंतू गाळण्यात अडकतात आणि चहा गाळायला वेळ लागतो. आणि चव दुधात उतरत नाही म्हणून शेवटी अजून थोडं कच्चं आलं वरून टाकायची सवय असेल तर ती सोडा, तिखटपणा कमी वाटत असेल तर सुरुवातीलाच तुकडा मोठा घ्या.

आल्यामुळे फाटलं की दूधच खराब होतं हे ओळखायचं असेल तर उरलेलं दूध एकटंच उकळून बघा. तेही फाटलं तर दूध गेलेलं, नाही फाटलं तर क्रम चुकलाय (किंवा पातेलं नीट धुतलेलं नव्हतं, त्यात ताकाचा वगैरे अंश होता, तेही बघा). फाटलेला चहा परत जुळत नाही, गाळून द्यायचा प्रयत्न करू नका, नवीन टाका.

पावडर कधी

आपण घरात जी दाणेदार पावडर वापरतो ती सीटीसी, म्हणजे पान चिरडून, फाडून, गोळ्या वळून केलेली. तिचा रंग आणि कडकपणा पटकन उतरतो, डस्ट असेल तर अजून पटकन. म्हणून आलं उकळून झाल्यावर पावडर टाकायची आणि दोन मिनिटं, फार तर तीन. इथे दोन उलट्या चुका होतात.

पहिली म्हणजे पावडर गार पाण्यातच टाकून आल्याबरोबर सगळा वेळ उकळत ठेवणं. आल्याला वेळ हवा असतो, पावडरला नको असतो, दोघांना एकच वेळ दिला की चहा कडवट आणि घशाला तुरट लागतो, मग आपण तो झाकायला साखर वाढवतो, आणि तुरटपणा साखरेने जात नाही, दुधाने जातो. दुधातलं प्रोटीन तो तुरट भाग धरून ठेवतं, म्हणून कडू झालेल्या चहात चमचाभर साखरेऐवजी थोडं गरम दूध घालून बघा.

दुसरी चूक म्हणजे दूध पडल्यावर पावडर टाकणं. दुधात रंग नीट उतरत नाही, चहा पांढरट दिसतो, आपण अजून पावडर टाकतो, अजून उकळतो, आणि शेवटी चहा एकाच वेळी पांढरट पण आणि कडू पण. पाणचट चहा सुधारायचा असेल तर तोच परत परत उकळू नका, छोट्या भांड्यात पाव कप पाणी उकळून त्यात चमचाभर पावडर दोन मिनिटं उकळा आणि गाळून मिसळा.

(लांब पानाची पत्ती, दार्जिलिंग वगैरे, ती यात आणूच नका, ती उकळायची नसते.)

साखर आणि गूळ

साखर सुरुवातीला टाका किंवा दूध टाकताना, फारसा फरक पडत नाही, फक्त विरघळली पाहिजे. मी पाण्यातच टाकते कारण मग शेवटी ढवळावं लागत नाही. पण गुळाचं गणित वेगळं. गूळ थोडा आंबूस असतो, कुठला किती ते बघून कळत नाही, आणि उकळत्या दुधात पडला की तो दूध फाडू शकतो, त्यात आलं पण कच्चं राहिलं असेल तर विचारायलाच नको. म्हणून गुळाचा चहा करताना गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग बारीक चिरलेला गूळ घालून ढवळा आणि परत गॅसवर ठेवू नका. सगळ्यात सुरक्षित म्हणजे गूळ कपात घ्यायचा आणि वरून चहा गाळायचा.

दोन कपांचा माझा हिशोब

ज्या कपात पिणार त्याच कपाने मोजा. पाणी दीड कप, त्यात अर्धा इंच आलं ठेचून आणि दोन छोटे चमचे साखर, गॅस मोठा. उकळी आली की मध्यम करून तीन मिनिटं, गवती चहाचं पातं असेल तर तेही यातच. मग दोन छोटे चमचे पावडर, दोन मिनिटं. मग पाऊण कप दूध, आणि हे दूध शक्यतो गरम असावं, कारण फ्रीजमधलं गार दूध पडलं की पातेलं एकदम थंड होतं आणि परत उकळी येईपर्यंत पावडर उगाच पाण्यात बसून राहते. दूध वर आलं की पातेलं उचला किंवा गॅस कमी करा, परत एकदा वर येऊ द्या, बस. वेलची आवडत असेल तर ती आत्ता, ठेचून, आणि अर्धा मिनिट झाकण, नाहीतर तिचा वास वाफेबरोबर निघून जातो.

चार कप करायचे असतील तर पाणी दुप्पट घेऊ नका, पावणेतीन कप पुरतं, कारण उकळण्याची वेळ तीच राहते त्यामुळे दुप्पट पाणी आटत नाही. आलं, पावडर, साखर आणि दूध मात्र दुप्पटच.