निबंधात स्वतःचा अनुभव कसा वापरावा: दाखला कुठे, पुरावा कुठे

"मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो, पुढे इंजिनिअर झालो, आज चांगल्या नोकरीत आहे. म्हणजे शिक्षणाच्या माध्यमाने काही फरक पडत नाही." माझ्या एका जुन्या निबंधातली ही वाक्यं. अनुभव खरा होता, चूक होती ती 'म्हणजे' या शब्दात. निबंध वाचून एक मित्र म्हणाला, "माझा भाऊही मराठी शाळेतच होता. इंग्रजी झेपेना म्हणून त्याने डिप्लोमा अर्ध्यावर सोडला." त्याचाही अनुभव तितकाच खरा, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय ज्यांचं शिक्षण अर्ध्यावर सुटलं, ते सहसा असे निबंध लिहायला बसत नाहीत. त्यामुळे आपल्या कानावर येतात त्या बहुतेक तरून गेलेल्यांच्याच गोष्टी.

तेव्हापासून मी एक पद्धत पाळतो. आधी अनुभव बाजूला ठेवून निबंधाचं म्हणणं एका वाक्यात वेगळ्या कागदावर लिहायचं. मग त्यात 'सगळे', 'बहुतेक', 'कधीच नाही', 'यामुळे', 'यापेक्षा' असे शब्द आहेत का ते बघायचं. 'बहुतेक' असेल तर मोजणी लागते. 'यामुळे' असेल तर दुसरं कारण नव्हतं हे दाखवावं लागतं, आणि 'यापेक्षा' असेल तर दोन्ही बाजू तपासाव्या लागतात. ही कामं एकट्याच्या आठवणीने होत नाहीत. आठवण दाखला देते, म्हणजे मुद्दा डोळ्यासमोर उभा करते; तो खरा आहे हे सिद्ध करणारा पुरावा ती सहसा ठरत नाही.

एका ठिकाणी मात्र एकच अनुभव खरोखर पुरावा ठरतो. कुणी म्हणालं की मराठी शाळेतून आलेला मुलगा इंजिनिअर होऊच शकत नाही, तर मी एकटा ते विधान खोडून काढायला पुरेसा आहे. पण 'होऊ शकतो' इथपर्यंतच. 'सहज होतो' किंवा 'बहुतेक होतात' हे त्यातून निघत नाही.

पुढचं काम तपशील निवडण्याचं, आणि इथे घाई करू नये. डॉ. आंबेडकरांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटं आत्मकथन यासाठी जरूर वाचावं. अस्पृश्यता असते हे परदेशी वाचकाला ठाऊक असतं, पण प्रत्यक्षात ती किती जाचक आहे हे त्याला उमगत नाही, म्हणून प्रसंग सांगतो, असं ते सुरुवातीलाच स्पष्ट करतात. 1901 साली ते भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांकडे गोरेगावला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. मुलांचे कपडे नीटनेटके होते. ती महार आहेत हे कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. दुप्पट भाडं देऊ केलं तरी गाडीवाले तयार होईनात. शेवटी मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवाल्याने पायी चालायचं, या अटीवर एक जण तयार झाला. यातलं 'दुप्पट भाडं' नीट बघा. कुणी म्हणेल, पैसे नसतील म्हणून नेलं नसेल. ती शंका हा एक तपशील तिथल्या तिथे मिटवतो. असे प्रसंग देशभर किती घडत होते, हे मात्र या एका प्रसंगावरून मोजता येत नाही. तसा दावा त्या प्रसंगावर लादलेलाही नाही.

आता माझा परिच्छेद. 'आज चांगल्या नोकरीत' हा तपशील काहीच दाखवत नव्हता, म्हणून तो काढला आणि आठवणीत मागे गेलो. पहिल्या वर्षाचा ड्रॉइंगचा तास. सर म्हणाले, "ड्रॉ अ पर्पेंडिक्युलर." मला लंब काढता येत होता, नववीपासून हात बसलेला. पण पर्पेंडिक्युलर म्हणजे लंब हे शेजाऱ्याच्या कागदात डोकावून कळेपर्यंत सर पुढच्या आकृतीवर गेले होते. यातून जे दिसतं तेवढंच म्हणणं मग लिहिलं: "मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची अडचण कधी कधी विषयाची नसते, शब्दाची असते." आधीच्यापेक्षा दावा लहान आहे, पण मित्राच्या भावाच्या गोष्टीने आता तो कोसळत नाही. उलट त्याचं नेमकं कुठे अडलं, हे विचारावंसं वाटतं.

शेवटी एक तपासणी. अनुभवाचा परिच्छेद झाकून बाकीचा निबंध वाचा. युक्तिवाद उभा राहतो पण फिका वाटतो, असं झालं तर तुमचा अनुभव दाखल्याचं काम करतोय. युक्तिवादच कोसळला, तर अनुभवाला पुराव्याच्या जागी बसवलंय. मग एक तर आकडेवारी किंवा पाहणी शोधा, नाही तर दावा लहान करा. जोडणारे शब्दही बदला. 'यावरून सिद्ध होते' काढून 'हे कसं घडतं ते असं' लिहिलं, की पुढच्या वाक्यात काय हवं ते आपोआप दिसायला लागतं.