पुरातली ओम्नी मोडायला घेण्याआधी

मिरगाला तीन आठवडे उरलेत आणि आपल्या यार्डात चिपळूणची एक ओम्नी आली आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ती छपरापर्यंत बुडाली होती. मालक म्हणाले, "दादा, त्या दिवसापासून चावी फिरवलेली नाय." त्यांचं हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. गाडीचं वजन पावणेआठशे किलोच्या आसपास, आणि त्यात पातळ पदार्थ फार तर वीस लिटर. तरीही या यादीतला बहुतेक भाग त्या वीस लिटरांवरच खर्च होणार, कारण पत्रा पावसात पडून राहिला तर फक्त गंजतो, पण हे वीस लिटर वाहून गेले की परत गोळा करता येत नाहीत.

कागद आधी उरकून घ्या. आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवरचा नंबर डोळ्यांनी जुळवा. पुराच्या गाडीवर तो गाळाखाली आणि गंजाखाली असतो, तेव्हा तारेच्या ब्रशने हलक्या हाताने साफ करा. ग्राइंडर लावू नका, अंक पुसले तर सगळाच घोळ होईल. कर्ज फिटल्याची नोंद आणि थकलेली चलनं पाहा, गाडी चोरीची नाही याची खात्री करा, आणि मगच मालकांच्या हातात जमा प्रमाणपत्र द्या. नवी गाडी घेताना करातली सवलत त्याच कागदावर मिळते. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार हे काम नोंदणी झालेल्या केंद्रातच करता येतं, म्हणून रस्त्याकडेच्या गॅरेजला यातलं काही उसनं देऊ नका. नंबर असलेला चासीचा तुकडा शेवटी वेगळा कापून, चिठ्ठी बांधून कपाटात ठेवायचा आहे.

मग जमीन बघा. आपल्याकडे खाली चिरा आहे. जांभा भोकाभोकांचा दगड, त्यातून पाणी उतरतं आणि खालच्या विहिरीला मिळतं. मी आधी जिथे काम करायचो तिथे एक गाडी उघड्या कातळावर उताणी करून ठेवली होती. त्या रात्री वळवाचा पाऊस झाला आणि दोन दिवसांनी खालच्या घरातल्या काकी कळशी घेऊन आल्या. पाण्यावर मोरपंखी तवंग होता. त्यांनी आरडाओरडा केला नाही, कळशी नुसती आमच्यासमोर ठेवली. तेव्हापासून मी काँक्रीटच्या कोब्याबाहेर गाडीची एक नळीही उघडू देत नाही.

कोब्याला भेगा असतील तर त्या आजच बुजवा. कडेचा बांध चार बोटं तरी उंच हवा. कोब्याचा उतार ज्या चेंबरकडे जातो त्याचं झाकण काढून तळातला गाळ उपसा. या चेंबरची युक्ती सोपी आहे: तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून बाहेर जाणारा पाइप वाकवून तळाजवळचं पाणी उचलायला लावलेला आहे आणि तेल वर अडकून राहतं. गाळ भरला की पाइपाचं तोंड बुजतं, चेंबर तुंबून वरून वाहू लागतं आणि पहिलं बाहेर जातं ते तेलच. पण या चेंबरवर एका मर्यादेपर्यंतच भरवसा ठेवा. कुलंट आणि ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतात, तरंगत नाहीत. ती दोन्ही चेंबरमधून सरळ पार होतात, म्हणून ती थेट डब्यातच धरावी लागतात.

डबे आदल्या दिवशी मांडा आणि प्रत्येकावर ऑइलपेंटने नाव घाला: इंजिन व गिअरचं ऑइल, पेट्रोल, कुलंट, ब्रेक ऑइल, आणि पुराच्या गाडीसाठी पाचवा, तेलमिश्रित पाण्याचा. पेट्रोलचा डबा पत्र्याचाच हवा. लाकडाचा भुसा दोन पोती, खाण्याचा सोडा किलोभर, आणि पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. खालचे नट गंजून बसले असणार, त्यांवर गंज सोडवणारा स्प्रे आदल्या संध्याकाळी मारून ठेवा. नट सुटत नाही म्हणून गॅसच्या ज्योतीने तापवायची सवय मला माहीत आहे. टाकी भरलेली असेपर्यंत या कोब्यावर ज्योत पेटवायची नाही.

सकाळी पहिला हात बॅटरीला लावायचा. आधी वजा टोक सोडवा, मग अधिक. बॅटरीचं आम्ल जमिनीवर किंवा गटारात ओतून तिचं वजन हलकं करणारे लोक मी पाहिले आहेत. त्या आम्लात शिशाचा गाळ असतो, म्हणून बॅटरी जशी आहे तशी, उभी, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जाऊ द्या. कवच फुटलेलं असेल तर खाली सोडा पसरा. बुडबुडे थांबले की आम्ल मेलं. ही ओम्नी जुनी, हिच्यात एअरबॅग नाहीत. ज्या गाडीत असतील तिथे बॅटरी सोडवल्यावर थोडा वेळ थांबायचं आणि स्टिअरिंगला हात प्रशिक्षित माणसानेच लावायचा.

मागच्या सीटखाली आणि डिकीत वाकून बघा. ओम्नीला गॅस किट बसवायची इकडे फार चाल होती. टाकी दिसली तर काम तिथेच थांबवा आणि किटवाल्या मिस्त्रीला बोलवा. मीटरवर काटा शून्यावर आहे, एवढ्यावरून टाकी रिकामी समजू नका.

पेट्रोल उघड्यावर काढा, सर्व्हिसच्या खड्ड्यावर कधीच नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात उतरून साचते आणि एका ठिणगीची वाट बघत राहते. गाडी घोड्यांवर चढवा, टाकी आणि डबा तांब्याच्या तारेने जोडा, मग हातपंपाने उपसा. काचेच्या बाटलीत थोडं घेऊन उन्हात धरा. पुराच्या टाकीत पाणी तळाशी असतं, बाटलीत दोन थर स्पष्ट दिसतात. या गाडीतून आम्ही सात लिटर काढलं, त्यातलं खालचं दीडेक लिटर गढूळ पाणीच होतं. वरचं पेट्रोल निथळून घेतलं, खालचं पाचव्या डब्यात गेलं.

आता इंजिनखालचं ऑइलचं चेंबर. इथे मालकांचं ते वाक्य कामाला येतं. बुडाल्यानंतर इंजिन फिरवलेलं नसेल तर पाणी आणि ऑइल मिसळत नाहीत, पाणी तळाशी बसून राहतं. त्यामुळे नट काढताच पहिली धार ऑइलची नसते, पाण्याची असते. आमच्या पोराने ऑइलचा डबा लावला होता; मी तो ओढून पाचवा डबा खाली सारला. अंदाजे एक लिटर तांबूस पाणी आलं, मग धार मंदावली, काळी झाली, आणि तेव्हाच डबा बदलला. पुढे तीन लिटरच्या आत ऑइल मिळालं. मालक खरं बोलत होते. कुणी चुकून स्टार्टर मारला असता तर दूध घातलेल्या चहासारखा घट्ट पदार्थ बाहेर आला असता. तसा तो मागच्या डिफरन्शियलमधून मात्र आलाच, कारण गाडी मागच्या चाकांवर ओढत आणली आणि चाकं फिरली की आतलं पाणी आणि ऑइल घुसळलं जातं. पुढच्या वेळी पुराची गाडी ट्रकवर उचलूनच आणायची, म्हणजे तेवढं ऑइल तरी वेगळं काढता येईल. ऑइल फिल्टरही विसरू नका: टोकाला भोक पाडून रात्रभर पालथा ठेवा, त्यातूनही काही थेंब निघतात.

काळं ऑइल वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांना लावायला मागणारे शेजारी येतील. प्रेमाने नकार द्या. पहिल्या पावसात ते खांबावरून मातीत उतरतं, त्यात इंजिनची झीज आणि धातूही असतात. कुलंट झाकणाच्या डब्यात, उंचावर ठेवा. चवीला ते गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. ब्रेक ऑइल या गाडीत वाटीभरच निघालं, पण ते इंजिन ऑइलमध्ये ओतलं तर सगळाच डबा ऑइल शुद्ध करणारा परत पाठवतो.

चाकं काढली की टायर त्याच दिवशी छपराखाली गेले पाहिजेत. उघड्यावरचा टायर कसाही ठेवला तरी आत पाणी धरतो आणि आठवड्याभरात डेंग्यूचे डास तिथे पैदा होतात. जेट्टीवर होडीला बांधायला टायर मागितले तर दोन-चार देतो, कारण तिथे ते आघात सोसायचं काम करतात. बाकीचे टायर पुनर्वापर करणाऱ्याकडेच. बंबाखाली किंवा होळीत घालायला एकही टायर या दारातून जाणार नाही.

मग वायरिंग. आतला संपूर्ण जुडगा हाताने ओढून काढायला दोघांना अर्धा दिवस लागतो आणि तांबं निघतं मोजकंच, म्हणून ते काम टाळायचा मोह होतो. पण तांबं पत्र्यात राहिलं तर जालन्याच्या भट्टीत ते पोलादात विरघळतं आणि मग काढता येत नाही. लाटताना तशा पोलादाला भेगा पडतात. तांब्यासाठी वायर जाळायची नाही, तिच्या आवरणाचा धूर विषारी असतो. सोलून काढा किंवा जुडगा तसाच विका. त्याच वेळी इंजिनचं ॲल्युमिनियमचं हेड आणि बीडाचा ब्लॉक वेगळे करा, एकत्र विकले तर दोन्हीला बीडाचाच भाव मिळतो.

शेवटची तपासणी रात्री. रिकाम्या गाडीखाली कोरडे पुठ्ठे पसरा, चारी कोपऱ्यांत आणि मधोमध, आणि घरी जा. या ओम्नीखाली सकाळी मागच्या डाव्या चाकाच्या जागी रुपयाएवढा तेलकट डाग होता. टाकी, इंजिनचं चेंबर, डिफरन्शियल सगळं रिकामं होतं. शोधल्यावर कळलं की तो शॉकॲब्सॉर्बरचा थेंब. त्यात ऑइल असतं हे यादीत लिहिलेलंच नव्हतं. चारही सोडवले, पालथे करून दाबत दाबत डब्यात रिकामे केले, नवे पुठ्ठे पसरले. दुसऱ्या सकाळी ते कोरडे निघाले आणि कटरचं सिलिंडर मी तेव्हाच शेडमधून बाहेर आणू दिलं.