थंबनेल आणि टायटलची तुलना करताना या चुका टाळा

‘यूट्यूबवर नवीन थंबनेल लावलं आणि सीटीआर, म्हणजे थंबनेल दिसल्यावर क्लिक होण्याचं प्रमाण, ५ वरून ७ टक्क्यांवर गेला!’ असा स्क्रीनशॉट कुणी पाठवला की मी एकच विचारतो, इम्प्रेशन्स किती, म्हणजे थंबनेल किती वेळा दिसलं? बहुतेक वेळा उत्तर असतं, प्रत्येकी चारशेच्या आसपास. म्हणजे जुन्याला २० क्लिक, नव्याला २८. आठ माणसांवर एवढा जल्लोष!

माझा हिशेब ढोबळ आहे. दोन्हींना इम्प्रेशन्स सारखेच मिळाले असतील, तर एकूण क्लिकांचं वर्गमूळ काढून दुप्पट करायचं. फरक त्याहून मोठा असेल तरच दखल घ्यायची. इथे ४८ चं वर्गमूळ साधारण ७, दुप्पट १४, आणि फरक फक्त ८. एवढा फरक एकच थंबनेल दोनदा लावलं तरी पडू शकतो. तेच टक्के दोन-दोन हजार इम्प्रेशन्सवर टिकले, तर १०० विरुद्ध १४० क्लिक होतात. मर्यादा ३१, फरक ४०. आता बोलू.

दुसरी चूक मला जास्त छळते: आधी एक, मग दुसरं लावून तुलना करणं. ओळखीतल्या एकाचा रेसिपीचा चॅनल आहे. थालीपिठाच्या व्हिडिओला पहिल्या दिवशी ८ टक्के सीटीआर होता. तरीही हात शिवशिवले, दुसऱ्या दिवशी थंबनेल बदललं आणि आकडा ४ वर आला. ‘नवीन फसलं’ म्हणून लगेच जुनं परत. मी त्याला यूट्यूब स्टुडिओत ट्रॅफिक सोर्स, म्हणजे प्रेक्षक कुठून आले ते, उघडायला लावलं. पहिल्या दिवशी व्हिडिओ मुख्यतः सबस्क्रायबरना दिसला होता. ते काहीही उघडतात. नंतर यूट्यूबने तो होम पेजवर अनोळखी लोकांपुढे नेला. एकट्या सर्चचे आकडे पाहिले, तर जुन्याला १५० इम्प्रेशन्सवर ६ क्लिक, नव्याला १६० वर ८. थंबनेल बिचारं निर्दोष होतं, बदलला होता प्रेक्षक. अदलाबदलच करायची असेल तर निदान सोर्स तोच आणि आठवड्याचे वार तेच धरा.

टायटल आणि थंबनेल एकाच वेळी बदलू नका. कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही.

रोज डोकावून ‘पुढे आहे’ दिसताच चाचणी बंद करणं ही उतावळ्यांची खास सवय. रोज पाहिलं तर कधीतरी एकजण योगायोगाने रेषा ओलांडणारच. मी थांबण्याची तारीख आधीच वहीत लिहितो.

यूट्यूबची स्वतःची तुलना-चाचणी प्रेक्षक एकाच काळात वाटून देते, म्हणून तीच बरी. पण ती विजेता क्लिकवर नाही, वॉच टाइमच्या वाट्यावर ठरवते. भडक थंबनेलने क्लिक जास्त आणले आणि लोक वीस सेकंदांत पळाले, तर तिथे ते हरू शकतं. छोट्या चॅनलवर दोन आठवड्यांनंतरही बऱ्याचदा निकाल लागत नाही. तेव्हा अक्षरांचा रंग पिवळा की पांढरा हे तपासणं सोडा. एकीकडे नुसतं थालीपीठ, दुसरीकडे तव्यावर ते थापणारे हात, एवढा ठळक फरक असेल तरच थोड्या व्ह्यूजमध्ये काही दिसण्याची शक्यता आहे.