फितरा काढताना या चुका टाळा

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात मशिदीबाहेर फितऱ्याची माणशी रक्कम लिहिलेला कागद लागतो. बरेच जण तो आकडा पाहतात, घरातल्या माणसांनी गुणतात आणि मोकळे होतात. चूक नेमकी इथेच होते. मुंब्रा-कौसा किंवा राबोडीत एकाच मजल्यावर कोकणी शाफई आणि उत्तर प्रदेशातले हनफी राहतात, आणि दोघांचा हिशोब वेगळा आहे. कागदावरची रक्कम बहुधा हनफी मापाची, म्हणजे अर्धा साअ गव्हाची किंमत असते. ती रोख दिलेली हनफींना चालते.

शाफई मजहबात मात्र धान्यच द्यायचं, तेही जिथे राहतो तिथल्या रोजच्या खाण्यातलं. कोकणी घरात ते तांदूळ. माप पूर्ण साअ. ते अडीच ते तीन किलोच्या दरम्यान धरतात, म्हणून तीन किलो दिले की शंका उरत नाही.

कौशातलं एक घर घ्या: नवरा, बायको, दोन लहान मुलं आणि नवऱ्यावरच अवलंबून असलेली त्याची आई. शाफई हिशोबाने पाचही जणांचा फितरा नवऱ्याने काढायचा, एकूण पंधरा किलो तांदूळ. ईदची रात्र आणि दिवस भागवून शिल्लक राहत असेल तेवढंही पुरे, श्रीमंत असायची गरज नाही. हेच घर हनफी असेल तर निसाब लागतो: गरजा आणि कर्ज वगळून सुमारे 612 ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी मालमत्ता. तिच्यावर वर्ष उलटलेलं असावं अशी अट इथे नाही. नवरा स्वतःचा आणि मुलांचा देतो, बायकोचा त्याच्यावर वाजिब नाही. तिच्या दागिन्यांची आणि रोकडीची किंमत निसाबाला पोहोचत असेल तर फितरा तिचा तिने द्यायचा. हे घराघरांत निसटतं. नवऱ्याने तिला सांगून तिच्या वतीने दिला तरी चालतो, पण तो मोजायचा राहू नये. आजारपणामुळे रोजे सुटले म्हणून फितरा माफ होत नाही, हेही लक्षात असू द्या.

चाँदरातीला बाळ जन्मलं तर? शाफईंकडे शेवटच्या रोजाच्या मगरिबला फितरा लागू होतो, त्यामुळे रात्री दहाला जन्मलेल्या बाळाचा नाही. हनफींकडे ईदच्या फजरला लागू होतो, म्हणून त्याचाही द्यायचा.

वेळेचा घोळ सगळ्यात जास्त. ईदच्या नमाजला जाताना पेटीत टाकलेले पैसे गरिबाच्या हाती कधी पडणार? गोळा करणारी कमिटी बहुधा तुमची वकील, म्हणजे तुमच्या वतीने फितरा पोहोचवणारी असते. तिच्याकडे पैसे पोहोचले म्हणजे हक्कदाराला मिळाले असं नाही. दोन-चार दिवस आधी द्या आणि वाटप नमाजपूर्वी होणार का, ते विचारा. उशीर झालाच तर फितरा रद्द होत नाही, देणं अंगावर राहतंच. शाफईंकडे विनाकारण ईदचा दिवस उलटू देणं गुनाह आहे.

मशिदीच्या बांधकामाला फितरा लावू नका, तो गरजू माणसाच्या मालकीचा व्हावा लागतो. शाफई असून रोखच द्यायची असेल, तर किती द्यायची हे आधी आपल्या जमातीच्या आलिमांना विचारा.