पावसात बुडालेले दिवस आणि फिक्स्ड ओव्हरहेड: या चुका टाळा

ठाणे-बेलापूर पट्ट्यात जुलैत तीन-चार दिवस कारखाना बंद राहिला की महिनाअखेरच्या व्हेरियन्स रिपोर्टमध्ये ठरावीक चुका हमखास येतात. सूत्रं सगळ्यांना पाठ असतात. चूक होते ती कोणते तास कुठून घ्यायचे यात, कारण आकडे टाकण्याआधी कारखाना किती दिवस चालला हे कुणी नीट मोजत नाही.

एकच उदाहरण घेऊ. रबाळ्याच्या एका मशीन शॉपमध्ये मी हा प्रकार पाहिला, इथे हिशेबाला सोपे जावेत म्हणून आकडे गोल केले आहेत. दहा मशीन, आठ-आठ तासांच्या दोन पाळ्या, म्हणजे दिवसाला १६० मशीन-तास. बजेटमध्ये २५ दिवस, म्हणजे ४,००० तास. फिक्स्ड ओव्हरहेडचं बजेट १२ लाख रुपये, म्हणून तासाचा दर ३०० रुपये आणि दिवसाचा ४८,०००. एका नगाला स्टँडर्ड दोन तास.

जुलैत पाणी भरल्यामुळे चार दिवस गेट बंद राहिलं. भरपाई म्हणून एका रविवारी दोन्ही पाळ्या चालवल्या. म्हणजे प्रत्यक्ष कामाचे दिवस २२. मशीन चालली ३,३०० तास, नग निघाले १,७००, आणि ओव्हरहेडचा खर्च झाला १२,३०,००० रुपये.

कपॅसिटीची तुलना बजेटच्या तासांशी करणं

ही चूक मला सर्वात जास्त खटकते, कारण तिचं खापर माणसांवर फुटतं. त्या शॉपच्या पहिल्या रिपोर्टमध्ये ३,३०० मधून थेट ४,००० वजा केले होते. ७०० तास कमी, गुणिले ३००, म्हणजे कपॅसिटी २,१०,००० प्रतिकूल. बंद दिवसांचा फरक दाखवणारी कॅलेंडरची ओळच नव्हती. मीटिंगमध्ये प्रॉडक्शन मॅनेजरला सगळ्यांसमोर विचारलं गेलं, "सातशे तास मशीन का थांबली?" तो शांतपणे म्हणाला, "साहेब, त्यातले चारशे ऐंशी तास गेटला कुलूप होतं."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. निव्वळ तीन दिवस गेले, ते ४८० तास. त्यांचा हिशेब कॅलेंडरमध्ये जायला हवा: ३ गुणिले ४८,०००, म्हणजे १,४४,००० प्रतिकूल. उरलेल्या २२ दिवसांत मशीन ३,५२० तास चालू शकली असती, चालली ३,३००. कपॅसिटी तेवढ्या २२० तासांची, म्हणजे ६६,००० प्रतिकूल. १,७०० नगांना स्टँडर्डप्रमाणे ३,४०० तास लागायला हवे होते, लागले ३,३००, म्हणून एफिशियन्सी ३०,००० अनुकूल. तिन्ही मिळून व्हॉल्यूम व्हेरियन्स १,८०,००० प्रतिकूल. ताळा पाहा: १,७०० नग गुणिले ६०० म्हणजे १०,२०,००० वसूल झाले, बजेट १२ लाख, फरक तोच.

ज्या माणसाच्या पाळ्यांनी ठरल्यापेक्षा कमी वेळात नग काढले, त्यालाच दोन लाखांचा जाब विचारला जात होता. आणि तो पहिला रिपोर्टही ताळ्यात बसत होता, कारण २,१०,००० मधून ३०,००० गेले की १,८०,०००च येतात. कॅलेंडर गाळलं तर ताळा ओरडत नाही.

काही जण याहून पुढे जातात. बजेटच्या तासांवर कपॅसिटी काढतात आणि वर कॅलेंडरही जोडतात. मग तेच तीन दिवस दोनदा मोजले जातात आणि बेरीज १,४४,००० रुपयांनी फुगते. फरक नेमका बंद दिवसांच्या रकमेएवढा आला की कारण हेच, दुसरं शोधत बसू नका. तो 'इतर' नावाच्या ओळीत ढकलणाऱ्यांना मी रिपोर्ट परत पाठवतो.

भरपाईचा रविवार विसरणं

वरची चूक दुरुस्त झाल्यावर त्याच शॉपमध्ये दुसरा रिपोर्ट आला आणि तो जास्त धोकादायक होता. आर्टिकलशिप करणाऱ्या मुलाने बंद दिवस एचआरच्या यादीतून घेतले: चार. मशीनचे तास घेतले लॉगबुकमधून, आणि त्यात रविवारचे तास होते. रविवारची नोंद ओव्हरटाइमच्या रजिस्टरमध्ये होती, ते त्याने उघडलंच नाही.

मग कामाचे दिवस झाले २१, मिळू शकणारे तास ३,३६०. कॅलेंडर १,९२,००० प्रतिकूल, कपॅसिटी फक्त १८,००० प्रतिकूल. बेरीज पुन्हा २,१०,००० आणि ताळा पुन्हा बिनचूक! सगळे खूश झाले, कारण दोष पावसावर गेला. पण खरे वाया गेलेले तास २२० होते आणि रिपोर्टमध्ये दिसत होते ६०. लॉगबुक उघडल्यावर कळलं की एक मशीन स्पिंडलच्या बेअरिंगसाठी नऊ दिवस उभं होतं, म्हणजे १४४ तास. बाकीचे ७६ तास लोकल रखडल्यामुळे दुसरी पाळी उशिरा सुरू झाल्याचे. बेअरिंग स्टॉकमध्ये ठेवायचं की नाही, हा निर्णय त्या चुकीच्या आकड्याखाली गाडला गेला असता.

म्हणून माझी सवय अशी की सूत्राला हात लावण्याआधी महिन्याची एकेक तारीख कागदावर लिहायची. तिच्यासमोर बजेटचे तास, गेट उघडं असताना मिळू शकणारे तास आणि मशीन चाललेले तास. मस्टर, ओव्हरटाइम रजिस्टर आणि लॉगबुक, तिन्ही शेजारी ठेवायचे. याला अर्धा तास लागतो. नवीन मुलांना तो जड जातो, त्यांना एक्सेलमध्ये थेट २५ वजा २१ करायचं असतं. मी त्यांना तो कागद भरल्याशिवाय एक्सेल उघडू देत नाही.

रविवारी एकच पाळी चालवली असेल तर तो पूर्ण दिवस धरू नका, अर्धा धरा. नाहीतर जी पाळी कधी ठरवलीच नव्हती तिचे ८० तास कपॅसिटीत तोटा म्हणून दिसतील. पुस्तकातलं सूत्र दिवसांचं आहे, पण दिवस असमान झाले की मी तासांतच काम करतो.

याउलट गेट उघडं आहे आणि पाणी साचल्यामुळे कामगार दोन तास उशिरा आले, तर ते तास कॅलेंडरमध्ये नेऊ नका. चालू दिवसातला वाया गेलेला वेळ कपॅसिटीतच राहतो. कारण पाऊसच असला, तरी शेऱ्यात ते लिहा, रकाना बदलू नका.

बाकीच्या, थोडक्यात

बजेटमध्ये आधीच वगळलेली गणपतीची सुट्टी कॅलेंडरमध्ये पुन्हा धरू नका. तिथे फक्त अनपेक्षित बंद दिवस येतात.

१२ लाखांना २२ दिवसांनी भागून नवा दर काढू नका. तसं केलं की कॅलेंडर व्हेरियन्स नाहीसा होतो आणि बुडालेल्या दिवसांचा खर्च गुपचूप नगांच्या किमतीत शिरतो. साठ्याच्या मूल्यांकनासाठी एएस २ हे मानकही सांगतं की उत्पादन कमी झालं म्हणून प्रत्येक नगावरचा स्थिर ओव्हरहेड वाढवायचा नाही.

एफिशियन्सी काढताना स्टँडर्ड तास प्रत्यक्ष निघालेल्या नगांचे घ्या, बजेटच्या २,००० नगांचे नव्हे.

प्रत्यक्ष खर्चाचा आकडा कॅलेंडर, कपॅसिटी आणि एफिशियन्सी या तिन्हींत कुठेच येत नाही. १२,३०,००० आणि १२,००,००० मधले ३०,००० हा एक्स्पेंडिचर व्हेरियन्स. आमच्या उदाहरणात तो एफिशियन्सीएवढाच निघाला, पण उलट चिन्हाचा. म्हणून दोन्ही एकमेकांत वजा करून शून्य दाखवणारेही भेटतात. ते करू नका: पहिला आकडा खरेदी आणि देखभालीच्या बिलांवरून तपासायचा असतो, दुसरा शॉप फ्लोअरवरून.